काळ्या लेगिंग्ज ढगळ आणि चमकदार का होतात?

प्रश्न: तीन-चार महिन्यांत लेगिंग्ज गुडघ्यावर ढगळ होतात, मांडीवर चमकतात. धुण्यात काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक वेळा मुख्य कारण उष्णता असतं. सुतात थोडा स्पॅन्डेक्सचा धागा असतो (लेबलवर इलास्टेन किंवा लायक्रा). कापड ताणल्यावर परत आखडतं ते त्याच्यामुळे, आणि उष्णतेने तोच आधी बिघडतो. आपल्या नाशिकच्या मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. म्हणून लेगिंग्ज सकाळी, थंड पाण्यात धुवा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको.

पिळू नका. उलटी बाजू वर करून जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, दाबा आणि सावलीत स्टँडवर आडवी पसरा. माझी बहीण कमरेला चिमटे लावून लोंबकळत ठेवायची, तेव्हा पाण्याच्या वजनाने पाय चांगले बोटभर लांबले होते.

चमक येते ती घासण्याने आणि इस्त्रीने, कारण कापडावरची बारीक लव सपाट होते. ब्रश टाळा, उलटी करून धुवा. इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूने, अगदी कमी तापमानावर.

धुतल्यावर गुडघ्याचं कापड ओढून सोडा. लगेच आखडलं तर धागा शाबूत आहे. लाटांसारख्या सुरकुत्या राहिल्या किंवा पांढरे बारीक धागे बाहेर आले, तर तो तुटलाय. मग कशानेही ती पूर्ववत होत नाही.