900 रुपयात स्कूल बस चालते का? उचगावच्या वाचकाचा हिशेब

प्रश्न: सर, मी उचगावचा. आमच्या गावातली आणि सुळग्याची पोरं बेळगावच्या शाळेला जातात. 26 सीटची जुनी मिनीबस 9 लाखाला मिळतेय, गाडी 9 वर्षांची आहे. 3 लाख माझ्याकडं आहेत, 6 लाख कर्ज काढणार. स्वतःच चालवणार. 30 पोरं तयार आहेत, गावातला मॅक्सीकॅबवाला महिन्याला 1000 घेतो म्हणून मी 900 ठेवावं म्हणतो. डिझेल जाऊन बरे पैसे राहतील असं वाटतंय. घेऊ का?

उत्तर: दादा, टोकन अजून दिलं नसेल तर थांबा.

30 पोरं गुणिले 900 म्हणजे महिन्याला 27 हजार. पण शाळा जूनला सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला सुटते, मग एप्रिल-मे महिन्यात फी कोण देणार, कुणीच नाही, म्हणजे 10 महिन्यांची फी धरा. वर्षाला 2 लाख 70 हजार. आणि कर्जाचा हप्ता? 6 लाख, 4 वर्षं, जुन्या गाडीला 14 टक्के व्याज धरलं तर महिन्याला 16,400 च्या आसपास, म्हणजे वर्षाला जवळजवळ 1 लाख 97 हजार. डिझेल टाकायच्या आधीच दोन तृतीयांशाहून जास्त फी बँकेत गेली बघा.

आता वर्षाचा खर्च मांडू. हे आकडे माझा अंदाज आहेत, तुमचे खरे आकडे त्यात घाला. गावातनं शाळेपर्यंत वाड्यावस्त्या फिरत 16 किलोमीटर धरले, आणि सकाळी पोरं सोडून गाडी दिवसभर शहरातच उभी ठेवली तर रोजचे 32 किलोमीटर होतात. जेवायला गाडी घेऊन घरी आलात तर तेच 64 होतात, आणि त्यातले 32 रिकामे. वर्षाला शाळेचे 220 दिवस, 7 चं ॲव्हरेज आणि 90 रुपये लिटर धरलं तर नुसत्या त्या रिकाम्या फेऱ्या 90 हजार खातात. म्हणून डबा बरोबर न्या.

तर डिझेल 90 हजार. ड्रायव्हर म्हणून तुमचा पगार 16 हजारानं 12 महिने, 1 लाख 92 हजार. "मी स्वतःच चालवतोय की" म्हणून हा खर्च सगळेच सोडतात, पण तुम्ही आजारी पडलात की बदली माणूस फुकट येणार नाही, आणि तुमचं घर चालायचंय ते ह्याच पैशावर. पोरं चढवायला-उतरवायला मावशी 10 महिने, 70 हजार. इन्शुरन्स 60 हजार, कारण प्रवासी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम सीटवर मोजतात, कारसारखा थोडक्यात सुटत नाही. टॅक्स, परमिट, फिटनेस, पीयूसी मिळून 60 हजार. टायर, ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग 60 हजार. हप्ता 1 लाख 97 हजार. आणि उद्या इंजिनाचं मोठं काम निघालं तर म्हणून 30 हजार बाजूला. सगळं मिळून साधारण 7 लाख 60 हजार होतात.

ह्याला 30 नं भागू नका. 12 वर्षांखालच्या पोरांना सीटच्या दीडपटीपर्यंत सूट असते, पण हायस्कूलचं पोरगं दप्तरासकट एक अख्खी सीट घेतंय, शिवाय भावंडांची सवलत, अधेमधे सोडून जाणारी, हे सगळं वजा करून पूर्ण पैसे देणारी 26 च धरा. 7 लाख 60 हजार भागिले 10 महिने भागिले 26, म्हणजे डोक्याला 2,900. गावात एवढी फी कोण देणार? तुमचा मॅक्सीकॅबवाला 1000 मध्ये भागवतो, तो बहुतेक जुन्या, कर्ज फिटलेल्या गाडीत पोरं कोंबून. त्याच्याशी भावात स्पर्धा करायला जाऊ नका.

मग बस घ्यायचीच नाही का? एका फेरीवर नाहीच. दोन फेऱ्यांवर विचार होतो. हिंडलगा तुमच्या वाटेवरच आहे. उचगाव-सुळग्याची पोरं लवकर भरणाऱ्या शाळेत सोडायची, रिकामी गाडी 7 किलोमीटर मागं आणायची, आणि हिंडलग्याची 24 पोरं उशिरा भरणाऱ्या शाळेत न्यायची, संध्याकाळी हेच उलटं. रोजचे 60 किलोमीटर होतात, डिझेल 1 लाख 70 हजार, टायर-सर्व्हिसिंगला आणखी 10 हजार, एकूण खर्च साधारण 8 लाख 50 हजार. पण आता भागायला 50 पोरं आहेत, म्हणून डोक्याला सरासरी 1,700 येतात. दोन शाळांच्या वेळेत निदान पाऊण तास ते तासाभराचं अंतर पाहिजे, नाहीतर हे जमत नाही. पावसाळ्यात ट्रॅफिक वाढतं, तेव्हा आधी एक दिवस स्वतः दोन्ही वेळेला फिरून घड्याळ बघा.

फी सगळ्यांना सारखी नको, पण किलोमीटरनं पण मोजू नका. ह्या साडेआठ लाखात डिझेल फक्त एक पंचमांश आहे, बाकी खर्च सीटचा आहे, तो हिंडलग्याच्या पोरालाही तेवढाच लागतोय. म्हणून "जवळचं आहे, निम्मं घ्या" म्हटलं की हो म्हणायचं नाही. मी असं ठेवलं असतं: उचगावची 18 पोरं 1,900 नं, सुळग्याची 8 पोरं 1,700 नं, हिंडलग्याची 24 पोरं 1,550 नं. महिन्याला बरोबर 85 हजार होतात. त्यातले 6,500 दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका, कारण एप्रिल-मे मध्ये फी नाही पण दोन हप्ते आणि तुमचा पगार मिळून 65 हजार लागतात. जुन्या बसचा धंदा मे महिन्यातच अडकतो, हप्ता थकला की बँक आधी फोन करते, मग माणूस पाठवते.

आता आरटीओ. शाळेच्या मालकीची बस आणि तुमच्या नावावरची बस ह्यात फरक आहे. कायद्यात शैक्षणिक संस्थेची बस म्हणजे संस्थेच्याच मालकीची, तिला टॅक्सला आणि प्रीमियमला सवलत असते. तुमची गाडी कॉन्ट्रॅक्ट कॅरेजमध्ये, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्यांत जाणार, तिथं टॅक्स सीटवर, दर तिमाहीला. मी जे 60 हजार धरलेत त्यात हाच आकडा सगळ्यात कच्चा आहे, म्हणून बेळगाव आरटीओत गाडीचा नंबर घेऊन जा आणि तिमाहीचा टॅक्स किती ते विचारा. वर्षाला दर 10 हजार जास्त निघाले की 50 पोरांमागं महिन्याला 20 रुपये वाढवायचे. फायदा एकच, रविवारी-उन्हाळ्यात लग्नाच्या भाड्याला जाता येतं, पण ते पैसे आत्ता हिशेबात धरू नका. गाडी 8 वर्षांवर गेलीय, त्यामुळं फिटनेस दरवर्षी करावं लागणार.

कुणी म्हणेल शिनोळीची 4 पोरं पण घ्या, चार किलोमीटर तर आहे. शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात येते, तिकडं जायला परमिट आणि टॅक्स वेगळा लागतो. आईबाबांनी पोरं आपल्या हद्दीतल्या बाचीपर्यंत आणून सोडावीत.

आता घेऊ का, ह्याचं उत्तर. 40 पोरं झाली तर महिन्याला साधारण 68 हजार येतात, 17 हजार कमी पडतात, म्हणजे जवळजवळ तुमचा पगारच गेला, वर्षभर फुकट ड्रायव्हर. म्हणून 45 पालकांकडनं जूनची आणि मार्चची फी ॲडव्हान्स घेऊन, पावती देऊन, मगच टोकन द्या. 45 नाही जमले तर ॲडव्हान्स परत करा आणि बस सोडा. आणि मालकाला सांगा, 9 लाख जास्त आहेत, मेकॅनिक नेऊन कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय बोलायचं नाही. 1 लाख उतरले तर कर्ज 5 लाखाचं होतं, हप्ता महिन्याला 2,700 नं कमी होतो.