फ्युझर बदलूनही प्रिंटर दोनदा बिघडला : सर्व्हिस सेंटरला पत्र

प्रश्न : लेझर प्रिंटरचं फ्युझर पैसे भरून बदललं, तरी अक्षरं बोटाने पुसली जातात. परत नेला, 'झालं' म्हणाले, पुन्हा तेच. आता लेखी तक्रार करायची आहे. पत्रात काय लिहू?

उत्तर : पत्र लिहायच्या आधी प्रिंटरमधून एक कागद काढा. सेटिंगच्या मेनूमध्ये कॉन्फिगरेशन पेज किंवा प्रिंटर रिपोर्ट असा पर्याय असतो. त्या पानावर आजवर छापलेल्या पानांचा एकूण आकडा येतो. प्रिंटर दुरुस्तीला देताना आणि परत घेताना जॉबशीटवर हाच आकडा लिहिलेला असेल, तर दुरुस्ती किती पानं टिकली हे वजाबाकी करून दाखवता येतं. 'तुम्ही खूप वापरलात' हे उत्तर मग चालत नाही. जॉबशीटवर आकडा नसेल तर आजचा तरी जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, ते काय म्हणतील याचा बंदोबस्त आधीच करा. टोनरची पूड कागदावर पक्की बसते ती फ्युझरच्या उष्णतेने आणि दाबाने. ती पुसली जात असेल तर हीटर पुरेसा तापत नाही, फिल्म खराब आहे किंवा खालचा प्रेशर रोलर नीट दाबत नाही, अशी शक्यता असते. पण दमट किंवा जाड कागद आणि न जुळणारा रिफिल टोनर यांनीही हेच होतं. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या कागदावर तर हमखास. म्हणून नवीन रीम फोडून ७५ किंवा ८० जीएसएमच्या कागदावर, पेपर टाइप 'Plain' ठेवून दोन-तीन पानं काढा. जमल्यास कंपनीचं मूळ कार्ट्रिज लावून काढा. छपाईवर बोट फिरवा, पुसल्याचा डाग दिसेल असा फोटो घ्या आणि ती पानं फाइलला लावा. मूळ कार्ट्रिजवर अक्षरं पक्की बसली, तर दोष टोनरचा धरावा लागेल आणि हे पत्र पाठवू नये.

पत्र एका पानात बसवा. राग, धमकी नको. तारखा, आकडे आणि मागणी हवी. नमुना देतो, आकडे तुमचे घाला :

प्रति,
व्यवस्थापक, (सेंटरचं नाव व पत्ता)

विषय : पैसे घेऊन केलेली प्रिंटर दुरुस्ती दोनदा अयशस्वी झाल्याबाबत. जॉबशीट क्र. …, बिल क्र. …

महोदय,

माझा लेझर प्रिंटर (मॉडेल …, सिरीयल क्र. …) छपाई पुसली जाते या तक्रारीसाठी आपल्याकडे दिला होता. आपण फ्युझर बदलून ३ जून रोजी परत दिला आणि ४,००० रुपये अधिक ७२० रुपये जीएसटी, एकूण ४,७२० रुपये घेतले. तेव्हा पानांचा आकडा १८,४२० होता. १८,६५५ वर, म्हणजे २३५ पानांत, तोच दोष पुन्हा आला.

१२ जून रोजी प्रिंटर पुन्हा दिला. आपण दुरुस्त झाल्याचे सांगून १८,६६२ या आकड्यावर परत केला. १८,७४१ वर, म्हणजे आणखी ७९ पानांत, पुन्हा तोच दोष दिसला. नवीन कागद व मूळ कार्ट्रिज वापरून काढलेल्या चाचणी पानांचे फोटो सोबत आहेत.

पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीचा मूळ भाग बसवून विनामूल्य दुरुस्ती करावी आणि कोणता भाग बदलला ते लेखी द्यावे. ते शक्य नसल्यास ४,७२० रुपये परत करावेत. अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.

आपला,
(नाव, पत्ता, फोन, सही, तारीख)

सोबत : बिल, दोन्ही जॉबशीट आणि चाचणी पानांच्या प्रती.

मूळ बिल कधीच देऊ नका, झेरॉक्स द्या. पत्र हातात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच ईमेलही करा. बिलाच्या मागे दुरुस्तीची हमी ३० किंवा ९० दिवस अशी लिहिलेली असते, ती मुदत संपायच्या आत पत्र पोचलेलं बरं. हमी लिहिलेली नसली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष काम ही सेवेतली त्रुटीच.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सेंटरशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न होतो, पण हेल्पलाइन निकाल देऊ शकत नाही. निकाल हवा असेल तर तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. प्रिंटर मोठ्या व्यवसायाचा असेल तर हा रस्ता बंद होऊ शकतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी, उदाहरणार्थ छोट्या झेरॉक्सच्या दुकानात, वापरत असाल तर तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.