यवतमाळहून नागपूरला निघण्यापूर्वी

विजेवर चालणाऱ्या गाडीत एका चार्जच्या छापील पल्ल्यापेक्षा पडद्यावरचा Wh/km, म्हणजे किलोमीटरमागे किती वॅट-तास वीज खर्च होते, हा आकडा पाहण्याची सवय लावा. समजा, बॅटरीत वापरण्याजोगे 30 युनिट, म्हणजे 30,000 वॅट-तास आहेत. एसी बंद ठेवून ताशी 70 किलोमीटरने 120 Wh/km पडत असेल, तर पल्ला 250 किलोमीटर मिळतो. पण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ताशी 100 ला हाच आकडा 170 च्या आसपास जातो आणि पल्ला 175 वर येतो.

मे महिन्याच्या उन्हात एसी दीड किलोवॅट घेत असेल, तर महामार्गावर ताशी 100 ला तो किलोमीटरमागे 15 वॅट-तासच घेतो, मात्र खड्ड्यांच्या गावरस्त्यावर ताशी 30 ला तब्बल 50. म्हणून चार्जर लावलेला असतानाच गाडी आतून थंड करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. सपाट रस्त्यावर तीन माणसे वाढल्याने त्यामानाने थोडाच फरक पडतो.