रेझ्युमे मुलाचा, हस्ताक्षर वडिलांचं

मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअर, वय २८. पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं प्रॉडक्टच्या कामावर आहे. प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागांसाठी सहा महिने अर्ज करतो आहोत. सगळ्या जाहिरातींत डिस्कव्हरी, प्रायॉरिटायझेशन, मेट्रिक्स आणि इतर टीम्सवर प्रभाव, हेच मागतात. पैसे देऊन रेझ्युमे करून घेतला, त्यात हे सगळे शब्द आहेत. एटीएस स्कोअर ९२ आला, तरी दोनच इंटरव्ह्यू झाले. त्याच्या बरोबरीची मुलं बंगळुरूला गेली. डिसेंबरपर्यंत नोकरी झाली तर स्थळं बघता येतील. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, अर्जांचं मीच बघतो. त्याने एमबीए करावं का? रेझ्युमे सोबत जोडला आहे.
– एक पालक, सांगली

नमस्कार.

रेझ्युमेकडे नंतर येतो. ‘अर्ज करतो आहोत’ आणि ‘अर्जांचं मीच बघतो’ या दोन वाक्यांपाशी मी आधी अडलो. पत्रात स्कोअर आहे, बंगळुरू आहे, स्थळं आहेत. मुलाला काय वाटतं याची एकही ओळ नाही. म्हणून सोबत दिलेल्या नंबरवर मी त्याच्याशीच बोललो. पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे असतो. त्यामुळे रिक्रूटरचा फोन येतो तेव्हा अर्ज कुठल्या जागेसाठी होता हेच त्याला ठाऊक नसतं. झालेल्या दोन इंटरव्ह्यूंपैकी एकात ‘वापर ३५ टक्क्यांनी वाढवला’ या ओळीवर प्रश्न आला. तो आकडा रेझ्युमे करून देणाऱ्याने घातला होता. मुलगा गप्प बसला आणि मुलाखत तिथेच संपली. त्याला बोलता येत नाही असा याचा अर्थ तुम्ही घेतलात. मला त्यात एवढंच दिसतं की जे त्याने केलं नाही त्याबद्दल त्याला खोटं बोलता आलं नाही. नोकरीच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

डिसेंबरची मुदत त्याच्या डोक्यावरून काढा, असं स्पष्टच सांगतो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत अर्धा वेळ ‘हे का केलं, ते का नाही केलं’ यावर जातो. धास्तावलेला माणूस तिथे पाठ केलेली उत्तरं देतो, आणि ती लगेच ओळखू येतात.

आता त्या ९२ बद्दल. हा स्कोअर देते ती रेझ्युमे तपासणारी वेबसाइट. जाहिरातीतले किती शब्द तुमच्या कागदावर आहेत हे ती मोजते. नोकरी देणाऱ्या कंपनीला हा आकडा दिसत नाही. कंपनीकडची एटीएस ही मुळात अर्ज साठवणारी आणि शोधून देणारी व्यवस्था असते. काही ठिकाणी ती अर्जांना क्रमही लावते. पण अर्ज परस्पर बाहेर पडतो तो बहुतेक वेळा अर्जातल्या साध्या प्रश्नांमुळे: अनुभव किती वर्षांचा, नोटीस पिरियड किती, अपेक्षित पगार किती, शहर बदलाल का. तुम्ही सगळीकडे अपेक्षित पगार आताच्या दुप्पट लिहिला आहे, तो आकडा आधी बघा. शब्दांचा उपयोग शोधात सापडण्यापुरता, आणि तो पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये आहेच. त्यानंतर कागद माणसाच्या हातात जातो. ‘डिस्कव्हरी’ हा शब्द सात वेळा वाचून त्याला एवढंच कळतं की जाहिरात याने वाचली आहे.

एमबीए करायचं असेल तर कॅट देऊन चांगल्या संस्थेत करावं, पण तो निर्णय वेगळा आहे आणि या रेझ्युमेवरचा इलाज म्हणून तो घेऊ नका. प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटांवर आणखी खर्च नको.

रेझ्युमेतली खरी अडचण अशी की तो बँकेच्या सर्व्हिस रेकॉर्डसारखा लिहिला आहे. हुद्दा, कालावधी, जबाबदाऱ्या. बँकेत ते योग्यच असतं, कारण तिथे खुर्चीवरून काम कळतं. या क्षेत्रात एकाच हुद्द्याची दोन माणसं अगदी वेगळी कामं करत असतात. एक जण ग्राहकाने मागितलेलं लिहून घेऊन डेव्हलपरकडे देतो. दुसरा मागितलेलं बाजूला ठेवून खरी अडचण शोधतो. जाहिरातीतले ते चार शब्द यातला दुसरा माणूस शोधण्यासाठी आहेत. तुमचा मुलगा दुसराच आहे, पण रेझ्युमेत तो पहिला दिसतो.

त्याच्या रेझ्युमेतली एक ओळ घेऊ: ‘एक्स्पायरी रिटर्न मॉड्यूलची संपूर्ण जबाबदारी, ४० हून अधिक युजर स्टोरीज, क्रॉस-फंक्शनल टीम्सशी समन्वय.’ याच मॉड्यूलबद्दल फोनवर तो भरभरून बोलला. त्यांचं सॉफ्टवेअर औषधांच्या घाऊक वितरकांसाठी आहे. मेडिकलवाले मुदत संपलेली औषधं पिशव्या भरून वितरकाकडे परत पाठवतात, वितरक त्यांना क्रेडिट नोट देतो आणि त्या मालाचा दावा पुढे औषध कंपनीकडे करतो. क्रेडिट नोट मिळायला फार दिवस लागतात अशी तक्रार होती. तीन मोठ्या वितरकांनी बारकोड स्कॅनिंग मागितलं आणि सेल्सने ते उचलून धरलं.

तो मिरज आणि कोल्हापूरच्या गोदामांत जाऊन बसला. नोंद करायला वेळ लागतो हे खरं होतं, पण तो तासांचा प्रश्न होता. दिवस जात होते ते दुसरीकडे. मेडिकलवाला एकच औषध दोन-तीन वितरकांकडून घेतो आणि परत देताना जो घेईल त्याच्याकडे देतो. पिशवीतल्या एखाद्या बॅचचं बिल आपलं आहे की नाही हे कळेना, की क्लार्क अख्खी पिशवी बाजूला ठेवायचा आणि सवडीने जुनी बिलं चाळायचा. म्हणजे स्कॅनर आणला असता तर पिशवी लवकर बाजूला पडली असती, इतकंच. ही झाली डिस्कव्हरी. रेझ्युमेत हा शब्द नसला तरी चालेल. काय मागितलं होतं, काय सापडलं आणि ते कुठे जाऊन सापडलं, एवढं आलं पाहिजे.

प्रायॉरिटायझेशनखाली त्याने ‘RICE फ्रेमवर्कचा वापर’ लिहिलं आहे. पोहोच, परिणाम आणि खात्री यांचा गुणाकार करून त्याला लागणाऱ्या मेहनतीने भागायचं, असं ते सूत्र. ते सगळ्यांना येतं. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे, की यादीतून काय मागे ठेवलं आणि त्याची किंमत काय मोजली. सुरुवातीला त्यांच्या तक्त्यात स्कॅनरच वर होता. गोदामातून आल्यावर त्याने स्कॅनरसमोरचा ‘खात्री’चा आकडा खाली आणला आणि यादी पालटली. टीमने आधी बॅच टाकताच जुनी बिलं दाखवणारी सोय केली, आणि आपला नसलेला माल वेगळा काढून उरलेली पिशवी पुढे जाऊ दिली. स्कॅनर मागितलेला एक वितरक नाराज झाला, सेल्सशी बरेच दिवस तणाव राहिला. हे त्याने मला दबक्या आवाजात सांगितलं, जणू काही चुकलंच होतं. अहो, हेच लिहायचं! काहीच न सोडता घेतलेल्या प्राधान्याच्या निर्णयावर कोण विश्वास ठेवेल?

मेट्रिक्समध्ये त्या उपऱ्या ३५ टक्क्यांच्या जागी त्याचा स्वतःचा आकडा येऊ दे. सहा वितरकांकडे तीन महिने चाचणी झाली. पिशवी आल्यापासून क्रेडिट नोटपर्यंतचा मध्यक ११ दिवसांवरून ४ वर आला. इथे मी त्याला अडवलं. आधीचे तीन महिने कुठले? जानेवारी ते मार्च. मार्चअखेरीला परताव्यांची गर्दी असते, हिशेबनीस खाती बंद करण्यात अडकलेले असतात. एप्रिलनंतर आकडा आपोआपच उतरणार. मग त्याने ज्या वितरकांकडे हा बदल गेलाच नव्हता त्यांची नोंद काढली. तिथेही ११ चे ९ झाले होते. तेव्हा रेझ्युमेत दोन्ही आकडे यावेत. ‘६४ टक्के घट’ असं एकटं लिहिलं की जाणकार मुलाखतकार पहिला प्रश्न मार्चचाच विचारील. दुसरी जोड अशी की वेग वाढला म्हणून चुकीच्या क्रेडिट नोटा वाढल्या का, हेही सांगावं. औषध कंपन्यांनी नंतर नाकारलेल्या दाव्यांचं प्रमाण वाढलं नाही, याची नोंद त्याच्याकडे आहे. ती रेझ्युमेत नव्हती.

राहिला प्रभाव. ‘समन्वय साधला’ हे मीटिंग लावणाऱ्यालाही लिहिता येतं. प्रभाव म्हणजे जो माणूस तुम्हाला उत्तर द्यायला बांधील नाही त्याने स्वतःची योजना बदलली. इथे जुनी बिलं बिलिंग टीमच्या ताब्यात होती. जीएसटीचे बदल द्यायचे असल्याने त्यांनी नकार दिला, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्याने सपोर्टकडचे याच तक्रारीचे कॉल त्यांना ऐकवले. पण काम झालं ते मागणी लहान केल्यामुळे. बिलिंगला हात लावायचा नाही, फक्त १८ महिन्यांच्या बिलांची प्रत रोज रात्री काढून द्यायची. हो म्हणणं त्यांना परवडेल असं त्याने केलं.

आता ओळी मराठीत देतो, इंग्रजीत त्याने स्वतः उतरवाव्यात, तुम्ही नव्हे:

‘वितरकांनी स्कॅनर मागितला होता, गोदामांत बसून पाहिल्यावर विलंब बॅचचं बिल शोधण्यात असल्याचं आढळलं. सेल्सचा विरोध असताना स्कॅनर पुढे ढकलून बिलशोध आधी केला. सहा वितरकांकडे क्रेडिट नोटचा मध्यक ११ वरून ४ दिवस (बदल न झालेल्यांकडे ११ वरून ९). नाकारलेले दावे वाढले नाहीत. बिलिंग टीमच्या कामाला धक्का न लावता रोजची बिलप्रत मिळवली.’

असा एक प्रसंग वर, त्याखाली दोन लहान, आणि बाकीच्या ४० स्टोरीज गाळाव्यात. एक पान पुरे.

हा रेझ्युमे घेऊन मोठ्या ग्राहक-ॲप कंपन्यांच्या रांगेत उभं राहू नका. तिथे लाखो वापरकर्त्यांवर केलेले प्रयोग विचारतात, ते त्याच्याकडे नाहीत. औषध वितरण, दुकानांचं बिलिंग, लहान उद्योगांचं कर्ज अशा क्षेत्रांतल्या कंपन्यांना गोदामात बसलेला माणूस लगेच कळतो. जाहिरातही नीट वाचावी. ‘डिस्कव्हरी’ लिहून खाली सगळ्या कामांत ‘स्टेकहोल्डर्सकडून रिक्वायरमेंट्स गोळा करणे’ असेल, तर ती जागा आताच्या कामाचीच आवृत्ती आहे, ती सोडावी.

पासवर्ड त्याला परत द्या. तुम्हाला मदत करायचीच असेल तर ती बँकेतल्या अनुभवाने करा. समोर बसवून विचारा: क्रेडिट नोट चार दिवसांत दिली आणि महिनाभराने औषध कंपनीने माल नाकारला, तर पैसे कोणाचे बुडाले, आणि हे तुला आधी कसं कळणार होतं? मुलाखतीत हाच प्रश्न येणार आहे, आणि वसुलीचा माणूस तो जितका खोचकपणे विचारील तितका मी विचारू शकणार नाही.