शेकडा एक आणि शेकडा दोन: बचत गटाच्या वर्गासाठी एकच घर पुरेसं आहे

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात बचत गटातल्या महिलांसाठी बजेट, बचत आणि व्याज या विषयावर दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. पुस्तकी गणितं नकोत, त्यांच्या घरातली वाटतील अशी उदाहरणं हवीत. कोणते प्रश्न विचारू?

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काम केलं आणि आता करवीर, कागल भागातल्या गटांमध्ये असे वर्ग घेतो. माझा सल्ला असा की दहा वेगवेगळे प्रश्न काढू नका. एकच घर घ्या, त्या घराला एकच गरज द्या, आणि दोन तास त्याच घरात राहा. बजेट, बचत आणि व्याज हे तीन धडे वेगळे शिकवले की बायका तिन्ही समजतात, पण कर्ज घ्यायच्या दिवशी तिन्हींचा मेळ घालता येत नाही.

माझं घर असं असतं. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. त्याचा पगार किराणा, लाइट बिल, मुलांची शाळा आणि सासूची औषधं यांतच संपतो. दारात एक म्हैस. रोज ६ लिटर दूध डेअरीला जातं, लिटरला ५० रुपये धरायचे, म्हणजे दहा दिवसांचं बिल ३,००० रुपये. त्यातून पशुखाद्याचे १,१०० कापून हातात १,९०० येतात आणि अशी तीन बिलं महिन्याला. बाईच्या बचत खात्यात १३,००० रुपये आहेत. फेब्रुवारी चालू आहे आणि पावसाळ्याआधी गोठ्यावर नवे पत्रे घालायचे आहेत, खर्च ३०,०००. दुधाचा भाव तुमच्या गावातला घाला, पण आकडे पूर्ण ठेवा. वर्गाचा वेळ भागाकारात जाऊ नये.

आता दोन ठिकाणी कर्ज मिळतंय. बाजारातला एक फायनान्सवाला म्हणतो, 'शेकडा एक', म्हणजे महिन्याला शंभराला एक रुपया, वर्षात फेडायचं. गटाचा दर आहे शेकडा दोन, तोही वर्षात फेडायचा. पहिला प्रश्न एवढाच विचारा: कुठनं घ्याल? हात वर करायला सांगा आणि फळ्यावर आकडा लिहून ठेवा. माझ्या वर्गात बहुतेक हात शेकडा एककडे जातात. त्यावर काही बोलू नका, लगेच चिठ्ठ्या काढा.

कागदाच्या बारा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर २,५०० लिहा. बारा चिठ्ठ्या म्हणजे ३०,०००. त्या एका बाईच्या हातात द्या, दुसरीला फायनान्सवाला करा. फायनान्सवाल्याचं गणित असं: ३०,००० वर महिन्याला ३००, बारा महिन्यांचे ३,६००. मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता २,८००, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच. आता महिना एकेक करून पुढे न्या. दर महिन्याला एक चिठ्ठी परत जाते आणि वर ३०० रुपये जातात. सातव्या महिन्याला थांबा आणि विचारा, 'तुझ्या हातात किती चिठ्ठ्या राहिल्या?' सहा. म्हणजे १५,०००. १५,००० वर ३०० म्हणजे शेकडा किती? दोन. पुढं चला. दहाव्या महिन्याला तीन चिठ्ठ्या, ७,५०० वर ३००, शेकडा चार. बाराव्या महिन्याला एकच चिठ्ठी उरते आणि व्याज तेवढंच, शेकडा बारा.

याच जागी एका वर्गात मागे बसलेल्या आजी म्हणाल्या होत्या, 'सर, चिठ्ठी एकच उरलीया, मग तीनशे कशाचं घेत्यात?' हा प्रश्न त्यांच्याकडून येईपर्यंत तुम्ही बोलू नका. तो आला की मगच सांगा की याला फ्लॅट दर म्हणतात. परत केलेल्या पैशावरही इथं व्याज चालू राहतं. हेच कर्ज उरलेल्या मुद्दलावरच्या दरात मांडलं तर वर्षाला बारा टक्के नाही, साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं.

मग त्याच चिठ्ठ्या गटाच्या नियमाने फिरवा. इथे हातात जेवढ्या चिठ्ठ्या आहेत तेवढ्यावरच शेकडा दोन. पहिल्या महिन्याला ६००, दुसऱ्याला ५५०, तिसऱ्याला ५००, असं उतरत शेवटच्या महिन्याला ५०. सगळी बेरीज बायकांनाच करू द्या, ३,९०० येते. दर दिसायला दुप्पट आणि वर्षाचा फरक फक्त ३०० रुपये. आणि फायनान्सवाला पैसे देतानाच फाइलचे, विम्याचे म्हणून १,००० कापत असेल, तर त्याचा खर्च ४,६०० होतो आणि गटच स्वस्त पडतो. हातात २९,००० आले पण हप्ते ३०,००० चेच भरायचे, म्हणून ते कर्ज वर्षाला अठ्ठावीस टक्क्यांवर जातं. शिवाय गटाचं व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेर सगळ्यांच्या वाट्याला येतं. पण वर्ग गटाचा आहे म्हणून गटाचीच बाजू ओढू नका. वरची कापाकापी नसेल तर फायनान्सवाला ३०० रुपयांनी स्वस्त, हे फळ्यावर राहू द्या.

इथं बायका एक फार रास्त हरकत घेतात आणि ती ऐकून घेतली पाहिजे. गटाचा पहिला हप्ता ३,१००, फायनान्सचा २,८००. सात महिन्यांनी दोन्ही सारखे होतात आणि पुढे गटाचा उतरत जातो हे खरं, पण मार्चमध्ये घरात ३०० कमी पडले तर पुढच्या उतरत्या हप्त्यांचा काय उपयोग? माणसं महाग कर्ज घेतात ती अनेकदा गणित न कळल्यामुळे नाही, पहिला हप्ता झेपत नाही म्हणून. ज्या वर्गात हे बोललं जात नाही तिथल्या बायका मान हलवतात आणि घरी जाऊन फ्लॅट कर्जच घेतात.

म्हणून यानंतर बजेट आणि बचत. विचारा, खात्यातल्या १३,००० चं काय करायचं? काही जणी म्हणतील, ती शिल्लक आहे, हात लावायचा नाही. काही म्हणतील, सगळी घाला आणि कर्ज कमी काढा. दोघींना आपापली बाजू मांडू द्या. बचत खात्यावर साधारण तीन टक्के धरले तर १३,००० वर वर्षाला ३९० रुपये मिळतात, आणि तीच बाई बाहेर चोवीस टक्क्यांनी कर्ज काढते आहे. मग सगळी का नको घालायला? कारण म्हैस वर्षभर दूध देत नाही. हे मी सांगत नाही, विचारतो: 'म्हैस आटली की बिलाचं काय?' वर्गात एकदम बोलणं सुरू होतं, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. समजा जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने म्हैस भाकड. दुधाचं बिल बंद, वैरण चालूच.

आता मांडणी करा. १३,००० मधले ६,००० पत्र्यांना घालायचे, गटाकडून २४,००० घ्यायचे. मुद्दलाचा हप्ता २,०००, पहिल्या महिन्याचं व्याज ४८०, म्हणजे पहिला हप्ता २,४८०. फायनान्सच्या २,८०० पेक्षाही कमी! वर्षाचं एकूण व्याज ३,१२०, म्हणजे ७८० वाचले, आणि ६,००० वरचं बचत खात्याचं व्याज गेलं ते १८०. उरलेले ७,००० खात्यातच. मार्चपासून मोजलं तर भाकड महिने पाचवा, सहावा आणि सातवा. त्यांचे हप्ते २,३२०, २,२८० आणि २,२४०, बेरीज ६,८४०. खात्यातल्या ७,००० मध्ये बसतात. किती बचत घालायची आणि किती राखायची, याचं उत्तर व्याजदरातून निघालं नाही, म्हशीच्या वेळापत्रकातून निघालं. हे वर्गाला स्वतः सापडू द्या, त्यासाठी अर्धा तास गेला तरी चालेल.

हप्ता भरायची पद्धतही बिलाच्या तालावर बसवा. महिन्याअखेरीस एकदम २,४८० काढायला जाऊ नये. दर दहा दिवसांच्या बिलातून ८३० वेगळे काढले की तीन बिलांत २,४९० जमतात. यासाठी तीन डबे किंवा तीन पाकिटं वर्गात प्रत्यक्ष मांडा. ज्या घरात पैसा दहा दिवसांनी येतो तिथं महिन्याचं बजेट लिहून दिलं तर ते वापरलं जात नाही, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीत डेअरीचा दूध फरक मिळतो तेव्हा आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: त्यातले ४,००० कर्जात आधीच भरले तर काय होईल? गटाच्या हिशेबात पुढच्याच महिन्यापासून ४,००० वरचे ८० रुपये व्याज बंद. फ्लॅट कर्जात मात्र देणारा सहसा ठरलेलं पूर्ण व्याज मागतो, म्हणून लवकर भरल्याचा फायदा होईल का, हे सही करण्याआधीच विचारून घ्यायचं.

सही करण्याआधी मागायचा कागदही दाखवा. बँका आणि नोंदणीकृत फायनान्स कंपन्या यांनी किरकोळ कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे मुख्य माहितीचा कागद द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. त्यात 'एपीआर' नावाचा आकडा असतो. फाइल, विमा वगैरे सगळं धरून वर्षाला कर्ज किती टक्क्यांनी पडतं ते त्यात कळतं आणि कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावा लागतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली असतात, रिझर्व्ह बँकेखाली नाहीत. त्यामुळे तिथे हा कागद मिळेलच असं नाही आणि बँकेतल्या ठेवीला असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. तिथे तोंडी दोनच प्रश्न विचारायला शिकवा: 'व्याज उरलेल्या मुद्दलावर का पूर्ण रकमेवर?' आणि 'माझ्या हातात नक्की किती रुपये पडणार?'

शेवटच्या वीस मिनिटांसाठी प्रत्येकीला कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि घरात चालू असलेलं खरं कर्ज मांडायला सांगा. रक्कम कुणाला मोठ्याने सांगायला लावू नका. किती चिठ्ठ्या उरल्या आणि दर महिन्याला व्याज किती जातं, एवढंच जिचं तिने मनाशी मोजावं. माझ्याकडे अशा वेळी एखादी तरी बाई वर्ग सुटल्यावर कर्जाची वही घेऊन थांबते, म्हणून निघायची घाई असेल असा दिवस ठरवू नका.