चादरींच्या साइटसाठी लोगो आणि रंग

चित्राच्या मागे लागू नका; दुकानाचं नावच लोगो होऊ द्या. सोलापुरी चादरीची सगळी नक्षी लोगोत बसवायचा मोह होतो, पण ब्राउझरच्या टॅबवर तो जेमतेम १६ पिक्सेलचा उरतो आणि नक्षीचा नुसता डाग दिसतो. तिथे पहिलं अक्षर पुरे.

Inkscape मध्ये नाव ‘मुक्ता’ फाँटच्या ठळक वजनात लिहा, Object to Path करा, मग SVG जतन करा. हे राहिलं, तर फाँट नसलेल्या फोनवर अक्षरांचं वळण बदलतं.

रंग तीनच:

- मुख्य मरून `#7A1F2B`
- पार्श्वभूमीला पांढरा
- बटणाला पिवळा `#F2B705`

पांढऱ्यावर पिवळी अक्षरं मात्र नकोत. वाचायला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. तिथे २:१ सुद्धा मिळत नाही. बटणावर मरून अक्षरं टाका.