एका कार्डावर एकच गोष्ट

पाठांतरासाठी केलेलं तुझं ‘हृदयाच्या झडपा’ हे फ्लॅशकार्ड पाहिलं, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेलं. मागे चारही झडपांची नावं, जागा आणि कामं आहेत. आता समज, तुला तीन झडपा आठवल्या आणि चौथी राहिली. उत्तर बरोबर धरायचं की चूक? बरोबर धरलंस तर कार्ड उशिरा परत येईल, म्हणजे विसरलेली झडप बरेच दिवस समोर येणार नाही, आणि चूक धरलंस तर पाठ असलेल्या तीन उगाच पुन्हा घोकाव्या लागतील. म्हणून ते कार्ड फोड. ‘उजवं अलिंद आणि उजवं निलय यांच्यामध्ये कोणती झडप असते?’ मागे फक्त ‘त्रिदल झडप’. डाव्या बाजूसाठी वेगळं कार्ड, कामासाठी आणखी वेगळं. कार्डं वाढतील, पण प्रत्येकाला दोन-चार सेकंदच लागतात.

प्रश्नातच उत्तर दडलेलं नाही ना, तेही बघ. ‘त्रिदल झडपेला किती दलं असतात?’ हे कार्ड शरीररचना न शिकलेलाही सोडवेल. ‘डावीकडे द्विदल झडप असते का?’ यातही नाव आयतंच मिळतं, तुला फक्त मान डोलवायची असते. (असली कार्डं करायला सोपी, म्हणून भराभर साठतात.)

उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हण किंवा लिही. मागची बाजू पाहून ‘हो, हेच म्हणणार होतो’ वाटलं, तर ती चूकच धर. आणि प्रश्न पूर्ण वाचण्याआधीच उत्तर तोंडात येत असेल, तर तुला कार्डाचा चेहरा पाठ झालाय. प्रश्नाची शब्दरचना बदल.